दुरुस्तीला फोन देण्याआधी Recently Deleted पूर्ण रिकामं कसं करावं?

ओवी_लिहिते

माझ्या आयफोनची स्क्रीन फुटली आहे आणि उद्या सकाळी तो दुरुस्तीला द्यायचा आहे. स्क्रीन बदलल्यावर टच नीट चालतो का ते बघायचं म्हणून त्यांनी पासकोड लिहून मागितलाय. फोनमध्ये बाबांच्या उपचारांचे रिपोर्ट, घरातल्या सगळ्यांच्या ओळखपत्रांचे फोटो आणि सह्या केलेली काही कागदपत्रं आहेत. ती सगळी मी फोटोज अॅपमधून डिलीट केली, पण आता ती Recently Deleted मध्ये ओळीने बसलेली दिसतात आणि प्रत्येकावर किती दिवस उरलेत तो आकडा आहे.

मला ती आज रात्रीच जायला हवी आहेत, महिन्याने नव्हे. शिवाय तिथून काढली की ती खरोखर जातात, की अजून कुठे तरी असतात? आयक्लाउड फोटोज चालू आहे, गूगल फोटोजचाही बॅकअप चालू आहे आणि त्याच अकाउंटवर घरी एक आयपॅड आहे. सवडीने सांगा असं म्हणायला वेळ नाही, म्हणून धागा काढला.

---

अभिजित०७

एवढं घाबरू नका. आयओएस १६ पासून Recently Deleted फोल्डर कुलूपबंद असतो. उघडायला गेलं की फेस आयडी मागतो, आणि चेहरा तुमचाच लागणार. दुसऱ्या कुणाला तो उघडताच येणार नाही. आहे तसं राहू द्या, ३० दिवसांनी आपोआप साफ होईल.

---

रानवारा

अभिजित, कुलूप असतं हे बरोबर, पण ओवीच्या बाबतीत ते कामाचं नाही. फेस आयडी जुळला नाही की फोन पासकोड विचारतो आणि पासकोड टाकला की फोल्डर उघडतो. ओवी तोच पासकोड कागदावर लिहून देणार आहे. Hidden अल्बमलाही हेच लागू. त्यामुळे ‘हाइड करून ठेवा’ असा सल्ला कुणी द्यायच्या आधीच सांगतो, त्याने काही साधणार नाही.

ओवी, आधी एका गोष्टीचं उत्तर दे, मग पुढचं सांगतो. हे रिपोर्ट आणि कागदपत्रं तुला पुढे लागणार आहेत का? आयक्लाउड फोटोज चालू असताना Recently Deleted रिकामं केलं की फोटो फक्त फोनमधून जात नाही, आयक्लाउडमधून आणि आयपॅडमधूनही जातो. दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून काढलास आणि शेवटची प्रतही गेली, असं व्हायला नको.

---

ओवी_लिहिते

अरे देवा, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांचे रिपोर्ट लागणार आहेत, पुढच्या तपासणीला डॉक्टर जुने बघतात. ओळखपत्रांचे फोटो मात्र गेले तरी चालतील, मूळ कार्डं घरात आहेत.

---

केतकी_म

मलाही याच विषयावर मदत हवी आहे. माझे एका समारंभाचे फोटो Recently Deleted मधून गेले आहेत आणि ते परत हवे आहेत. ३० दिवस होऊन गेले. कुठलं सॉफ्टवेअर वापरू? जाहिरातीत तर दाखवतात की सगळं परत येतं.

---

रानवारा

केतकी, तुझा प्रश्न ओवीच्या अगदी उलटा आहे, पण दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून इथेच लिहितो. आयफोनवर प्रत्येक फाइल तिच्या स्वतःच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असते. फाइल कायमची काढली की ती किल्ली जाते. चिपवर काही बिट उरले तरी किल्लीशिवाय त्यांचा फोटो होत नाही. त्यामुळे ते सॉफ्टवेअर घेऊन पैसे घालवू नकोस. अशी बरीच सॉफ्टवेअरं जुन्या बॅकअपमधलेच फोटो शोधून दाखवतात.

त्यापेक्षा दोन ठिकाणं बघ. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर तिथे शोध. आयफोनमधून फोटो काढला तरी गूगलकडची प्रत आपोआप जात नाही. आणि गूगल फोटोजमधूनही काढला असशील, तर बॅकअप झालेला फोटो त्यांच्या Trash मध्ये ६० दिवस असतो, ३० नाही. दुसरं ठिकाण म्हणजे कॉम्प्युटरवर कधी फोनचा पूर्ण बॅकअप घेतला असशील तर तो.

ओवी, केतकीसाठी जी आशेची जागा आहे तीच तुझ्यासाठी गळतीची. तुझ्या एकेका फोटोला दोन कचरापेट्या आहेत, एक अॅपलची आणि एक गूगलची. एक रिकामी केल्याने दुसरी रिकामी होत नाही.

आता क्रम सांगतो.

रिपोर्ट आधी परत मिळव. Recently Deleted मध्ये Select करून फक्त रिपोर्ट निवड आणि Recover कर. ते लायब्ररीत परत आले की कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घे. उतरवलेली प्रत तिथे उघडून बघ, अक्षरं वाचता येतात का ते बघ, आणि मगच फोनमधून पुन्हा डिलीट कर. तुझ्या फोनमध्ये जागा वाचवायचा Optimise पर्याय चालू असेल तर फोनवर फक्त लहान प्रत असते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर. अशा वेळी केबल लावून फाइली ओढत बसू नकोस. कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून icloud.com उघड आणि मूळ फोटो तिथून उतरव.

त्यानंतर फोटोज अॅपमध्ये अगदी खाली Utilities विभागात Recently Deleted उघड, Select दाब. काही न निवडता तीन ठिपक्यांच्या मेनूत गेलीस तर सगळं एकदम काढायचा पर्याय मिळतो. पण मी म्हणेन, आधी वरपासून खालपर्यंत एकदा नजर टाक. त्यात गेल्या महिन्यात घरातल्या कुणी चुकून काढलेलं काही असू शकतं. हवं ते सोडून बाकीचं निवड आणि काढ. फोन एकदा विचारेल, सगळ्या उपकरणांवरून जाणार असंही सांगेल. त्याला होकार दिलास की मग परत घेण्याचं बटण नाही.

---

सरिता_व

याच्याशी जोडलेलं विचारते. माझा फोन भरला होता म्हणून मी गूगल फोटोजमधलं Free up space वापरलं. त्याने सांगितलं की अमुक जीबी मोकळे होतील. सगळं झालं, फोटो गॅलरीतून गेले, पण सेटिंग्जमध्ये जागा होती तेवढीच. आयफोनच आहे. अॅप खोटं सांगतं का?

---

रानवारा

खोटं नाही, फक्त अर्धं काम झालंय. आयफोनवर कुठलंही दुसरं अॅप फोटो थेट पुसू शकत नाही. ते परवानगी मागतं, तुम्ही होकार देता, आणि फोटो अॅपलच्या Recently Deleted मध्ये जातात. तिथे असेपर्यंत ते फोनची जागा धरूनच असतात. ते रिकामं केलंत की जागा मोकळी होईल.

व्हिडिओ असतील तर फरक मोठा दिसतो. अॅपलच्याच सेटिंग्जमध्ये लिहिलेलं असतं की 4K मध्ये ६० फ्रेमने केलेलं चित्रीकरण मिनिटाला सुमारे ४०० एमबी घेतं. म्हणजे वीस मिनिटांचे व्हिडिओ ‘डिलीट’ केलेत तरी ८ जीबी महिनाभर तिथेच पडून. आणि रिकामं केल्यावर लगेच सेटिंग्ज उघडून आकडा बदलला नाही तर धीर धरा, फोन तो हिशोब सावकाश करतो.

मात्र एक बघून घ्या. तुमचं आयक्लाउड फोटोजही चालू असेल तर रिकामं केल्यावर तिथलीही प्रत जाईल आणि फक्त गूगलकडची उरेल. तेवढ्यावर तुमचं समाधान असेल तरच करा.

---

सरिता_व

आयक्लाउड बंद आहे, गूगलवर सगळं दिसतंय, दोन-चार फोटो उघडूनही बघितले. रिकामं केलं. जागा आली! आभारी आहे.

---

दिगंबर_स

या तंत्रज्ञानावर माझा विश्वास उरलेला नाही. मे २०२४ मध्ये आयओएस १७.५ आलं तेव्हा अनेकांना कधीच पुसून टाकलेले फोटो परत गॅलरीत दिसले. ते लोकही ‘कायमचं डिलीट’ करूनच बसले होते ना? मग किल्ली गेली, फाइल गेली, हे सगळं कशाच्या आधारावर म्हणायचं?

---

रानवारा

दिगंबरकाका, मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ते घडलं होतं. अॅपलने लगेच १७.५.१ काढलं आणि त्यात लिहिलं की डेटाबेसमध्ये बिघाड झालेले फोटो, डिलीट केलेले असले तरी, पुन्हा दिसू शकत होते.

फोटोज अॅपमध्ये एक डेटाबेस असतो आणि फाइली वेगळ्या असतात. आपल्याला गॅलरीत दिसतं ते डेटाबेसच्या नोंदींवरून. नोंद खराब झाली किंवा तुटली तर फोटो दिसायचा बंद होतो, पण फाइल पुसायचं काम झालेलंच नसतं. किल्ली तेव्हाच जाते जेव्हा फाइल खरंच काढली जाते. त्या लोकांच्या फोनमध्ये फाइल काढलीच गेली नव्हती, म्हणून किल्लीही शाबूत होती. एन्क्रिप्शन फसलं असं त्याने सिद्ध होत नाही. पण ‘दिसत नाही म्हणजे गेलं’ एवढं म्हणून थांबता येत नाही, हे मात्र सिद्ध होतं.

---

दिगंबर_स

मग ओवीला कसं कळणार की तिच्या बाबतीत फाइल गेली की नुसती नोंद?

---

रानवारा

एकेका फोटोपुरतं बाहेरून खात्रीने बघायचा मार्ग मला माहीत नाही. अप्रत्यक्ष खूण म्हणजे मोठा व्हिडिओ काढल्यावर मोकळी जागा तेवढीच वाढते का ते बघणं. चार-पाच फोटोंसाठी त्याचा उपयोग नाही. एवढं मात्र नक्की की पूर्ण फोन Erase All Content and Settings मधून पुसला की सगळ्या फाइलींच्या मुळाशी असलेली किल्लीच नष्ट होते. तिथे एखादी नोंद तुटली होती का हा प्रश्नच राहत नाही.

---

अभिजित०७

मी एक उपाय वाचलाय. डिलीट केल्यावर फोन पूर्ण भरेपर्यंत छताचा व्हिडिओ काढायचा, मग तो डिलीट करायचा. म्हणजे जुन्या फोटोंच्या जागेवर नवीन डेटा लिहिला जातो आणि जुनं कुणालाच काढता येत नाही. दुरुस्तीवाल्यांकडे यंत्रं असतात.

---

नीलकंठ_प

अभिजितचा उपाय मेमरी कार्डाच्या बाबतीत बऱ्यापैकी लागू आहे, फोनच्या आतल्या स्टोरेजच्या बाबतीत नाही. मी अँड्रॉइडवाला आहे, कॅमेऱ्याचे फोटो कार्डवर ठेवतो, म्हणून लिहितो.

कार्ड साध्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं. त्यावरून फाइल काढली की तिचा पत्ता पुसला जातो, मजकूर तसाच राहतो. PhotoRec सारखं मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालवलं तर असे फोटो परत येतात, मी स्वतः आणलेत. म्हणून कार्ड दुसऱ्याला द्यायचं असेल तर अॅपमधलं Trash रिकामं करणं पुरेसं नाही. दुरुस्तीला फोन देताना तर मी कार्ड काढूनच घेतो. तेवढं सोपं दुसरं काही नाही.

अँड्रॉइडवर आणखी एक बघण्यासारखं आहे. अँड्रॉइड ११ पासून फोटो Trash मध्ये टाकला की बरेचदा फाइल हलतही नाही, त्याच फोल्डरमध्ये तिचं नाव बदलतं. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलं की अशी नावं दिसतात:

```
.trashed-1735689600-IMG_2041.jpg
```

मधला आकडा म्हणजे ती फाइल आपोआप कधी पुसली जाणार ती वेळ, सेकंदांत मोजलेली. गूगल फोटोजचं Trash रिकामं केल्यावर DCIM फोल्डरमध्ये अशी नावं उरली नसतील तर काम झालं. उरली असतील तर फाइल मॅनेजर अॅपच्या किंवा दुसऱ्या गॅलरीच्या Trash मध्ये काही आहे का ते बघायचं.

---

रानवारा

नीलकंठ यांनी नेमकं सांगितलं. फोनच्या आत भरून टाकायच्या उपायाने वेळ जातो आणि चिप झिजते, बाकी काही मिळत नाही. आतली चिप नवीन डेटा जुन्याच जागी लिहील असा भरवसाही नसतो, जागा ती स्वतः निवडते. दुरुस्तीच्या टेबलावरचा धोका यंत्रांचा कमी आणि पासकोड हातात असलेल्या माणसाचा जास्त.

---

मीनल_आजी

मी सहसा वाचते, लिहीत नाही. ओवी बाळा, तू बाबांचे रिपोर्ट कुणाला पाठवले होतेस का? आमच्याकडे सुनेने फोटो काढून टाकले, तो फोल्डरही रिकामा केला, आणि नंतर तेच फोटो व्हॉट्सअॅपच्या गप्पांमध्ये जसेच्या तसे सापडले. माझ्या भावाला पाठवले होते म्हणून.

---

ओवी_लिहिते

आजी, तुम्ही विचारलंत म्हणून बघितलं. काकांना पाठवलेल्या संभाषणात सगळे रिपोर्ट आहेत, आणि ओळखपत्रंसुद्धा, घराच्या करारासाठी पाठवलेली. फोटोज अॅपमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

---

रानवारा

दिसणार नाही. व्हॉट्सअॅप स्वतःची प्रत स्वतःच्या साठ्यात ठेवतं. त्या संभाषणाच्या वरच्या नावावर टॅप करून मीडियाच्या यादीत जा आणि तिथून एकेक काढ. काकांच्या फोनमधली प्रत त्याने जाणार नाही, पण आत्ता तो प्रश्न नाही. आणि आयक्लाउडवर कुणाबरोबर शेअर्ड अल्बम केला असेल तर त्यातल्याही प्रती वेगळ्या असतात, लायब्ररीतून फोटो काढला तरी त्या राहतात.

---

नीलकंठ_प

मी तर म्हणेन एवढी शोधाशोध करण्यापेक्षा पूर्ण बॅकअप घ्या, फोन पुसा, रिकामा फोन द्या, परत आला की बॅकअप चढवा. टच तपासायला रिकामा फोन पुरतो, पासकोडच नको. तुम्ही एकेक फोटो शोधताय त्यात मेल, मेसेज, नोट्स, बँकेची अॅप, सगळं उघडंच आहे. अँड्रॉइडवर सॅमसंगला Maintenance mode आणि पिक्सेलला Repair mode असतो, त्यात दुरुस्ती करणाऱ्याला आपला डेटा न दिसता फोन चालवता येतो. आयफोनवर त्याला तोलणारं काही नसेल तर पुसणं हाच सरळ मार्ग.

---

अभिजित०७

पण पूर्ण पुसून परत चढवायला किती वेळ! आणि बॅकअप अर्धवट निघाला तर? बँकेची अॅप तर पुन्हा नोंदवावी लागतात. फक्त स्क्रीन बदलायची आहे. मी पासकोड देणार नाही म्हणून सांगितलं असतं आणि समोर बसून स्वतः टच तपासला असता.

---

रानवारा

दोघांचंही पटतं. पासकोड न देता समोर बसणं हे मला सगळ्यात आवडलं, पण तेवढी सवलत मिळेल की नाही ते ओवीलाच माहीत. नाही मिळाली आणि बॅकअप आज रात्री पूर्ण होत असेल तर नीलकंठ यांचा मार्ग. फक्त एक ध्यानात ठेव. आयक्लाउड फोटोज चालू असताना फोटो आयक्लाउड बॅकअपमध्ये नसतात, ते आधीच वेगळे आयक्लाउडवर असतात. त्यामुळे पुसायच्या आधी फोटोज अॅपमध्ये सगळं अपलोड झाल्याचं दिसतंय याची खात्री कर.

---

ओवी_लिहिते

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते.

रिपोर्ट परत आणले, icloud.com वरून कॉम्प्युटरवर उतरवले. उघडून बघितले, एका रिपोर्टचं दुसरं पान तिथे आलंच नव्हतं, तो फोटो निवडायचा राहिला होता. तोही उतरवला. मग फोनमधून पुन्हा डिलीट, आणि Recently Deleted मधून सगळं काढलं. त्यात आईने काढलेले बागेतले काही फोटो दिसले, ते आधी वाचवले.

गूगल फोटोज उघडलं तर सगळी कागदपत्रं तिथे मुख्य यादीतच होती, Trash मध्येसुद्धा नाहीत! म्हणजे मी फक्त अॅपलच्या बाजूने काढत बसले असते तर पासकोड टाकून ते अॅप उघडणाऱ्याला सगळं समोर दिसलं असतं. तिथून काढली, मग Collections मध्ये जाऊन Trash रिकामं केलं.

आयपॅड कपाटात बंद होता. चालू केल्यावर फोटो थोडा वेळ दिसत होते, वाय-फाय जोडल्यावर गेले.

आता दोन शंका. गूगलच्या सर्व्हरवरूनही ते लगेच जातात का? आणि आई-बाबांबरोबर आमची आयक्लाउडची शेअर्ड लायब्ररी आहे, त्यात बाबांनी स्वतः टाकलेला एक रिपोर्ट आहे. तो मी डिलीट केला, पण माझ्याकडून कायमचा निघत नाही.

---

रानवारा

दुसरं आधी. शेअर्ड लायब्ररीत फोटो ज्याने टाकला असेल त्यालाच तो Recently Deleted मधून कायमचा काढता येतो. बाबांना त्यांच्या फोनवरून काढायला सांग.

गूगलचं म्हणशील तर तुझ्या आणि अॅपच्या दृष्टीने फोटो आत्ताच गेला, कुणाला उघडता येणार नाही. सर्व्हरवरून पूर्ण पुसायला साधारण दोन महिने लागतात असं त्यांच्या धोरणात लिहिलंय, आणि एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपमध्ये डेटा सहा महिन्यांपर्यंत राहू शकतो. उद्या फोन हाताळणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध येत नाही.

---

दिगंबर_स

म्हणजे ‘लगेच’ फक्त आपल्या बाजूने. सहा महिने कुठे तरी पडून असेल तर मला ते लगेच म्हणवत नाही.

---

रानवारा

काका, त्याबाबतीत तुमच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नाही.

---

ओवी_लिहिते

बाबा झोपलेत, त्यांना उठवत नाही. दुकानात आत्ताच मेसेज टाकून विचारलंय की पासकोड न देता समोर बसून तपासलं तर चालेल का. नाही म्हणाले तर सकाळी बाबांकडून तो रिपोर्ट काढून घेईन, बॅकअप घेऊन फोन पुसेन आणि मगच देईन. आयक्लाउडवर अपलोड झाल्याचं फोटोज अॅपमध्ये नेमकं कुठे दिसतं, ते कुणी सांगेल का?

---

सरिता_व

फोटोज अॅपमध्ये वर उजवीकडे तुमच्या खात्याच्या गोल चित्रावर टॅप करा, तिथे किती बाकी आहे ते येतं. जुन्या आयओएसमध्ये फोटोंच्या यादीच्या अगदी तळाशी दिसायचं. अपलोड थांबलेलं दिसलं तर फोन चार्जिंगला लावून वाय-फायवर ठेवा.